मेमोत तिची मेहनत दिसते, तिने घेतलेले निर्णय दिसत नाहीत

वाचकाचं पत्र: ताई, नमस्कार. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत एका ट्रान्सफॉर्मर कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे. माझ्या टीममधली एक सिनियर इंजिनियर सात वर्षं उत्तम काम करतेय. तिला असिस्टंट मॅनेजर करा म्हणून मुंबईला हेड ऑफिसला शिफारशीचा मेमो पाठवला, दोन पानं भरून लिहिलं, सलग तीन वर्षांचं आउटस्टँडिंग रेटिंगही टाकलं. परत आला, वर एकच ओळ, 'चांगली कर्मचारी आहे, पण पुढच्या जबाबदारीसाठी तयार असल्याचा पुरावा दिसत नाही.' अजून कुठला पुरावा द्यायचा? तिला बाहेरून ऑफर आहे आणि मार्चमध्ये कमिटी परत बसतेय. मेमो आणि तिच्या कामाची माझी टिपणं सोबत जोडलीयेत. – एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर:

तुमचा मेमो वाचला आणि मग टिपणं वाचली, आणि खरं सांगायचं तर टिपणं वाचताना मला तुमचा थोडा रागच आला, कारण कमिटीला जे पाहिजे होतं ते सगळं त्या टिपणांत पडून आहे आणि मेमोत त्यातलं एक अक्षर नाहीये. मेमोत काय आहे तर मेहनती, प्रामाणिक, वेळेत काम, कधीही फोन करा हजर, टीममध्ये सगळ्यांची लाडकी. हे सगळं खरंच असेल, पण तिच्या आत्ताच्या खुर्चीबद्दलचं आहे. कमिटी विचारतेय पुढच्या खुर्चीबद्दल.

मी अशा कमिट्यांवर बरीच वर्षं बसलेय. समोर एका दुपारी पंधरा-वीस मेमो असतात, त्यातल्या बहुतेक लोकांना कमिटीतल्या कोणीही कधी पाहिलेलं नसतं, आणि रेटिंग जवळपास सगळ्यांचंच वरचं असतं कारण वरचं नसतं तर मेमो आलाच नसता. म्हणजे आउटस्टँडिंग रेटिंग ही तिथे आत शिरायची पास आहे, त्यावर कोणी निवडलं जात नाही. आणि कमिटीची भीतीही खोटी नसते हो. २०१९ मध्ये बेन्सन, ली आणि श्यू या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांच्या सेल्समधल्या लोकांचा डेटा घेऊन एक पेपर छापला, त्यात असं दिसलं की ज्याची विक्री जास्त त्याला मॅनेजर करायची शक्यता जास्त, पण मॅनेजर झाल्यावर त्याच मंडळींच्या हाताखालच्या टीमचं काम उलट कमी सुधारलं. ज्यांनी आधी इतरांबरोबर मिळून विक्री केली होती, श्रेय वाटून घेतलं होतं, ते मॅनेजर म्हणून बरे निघाले. तेव्हा आत्ताचं काम छान करते याचा अर्थ पुढचं छान करेल असा होत नाही, हे वरच्या लोकांनी अनुभवाने पाहिलेलं असतं, पेपर वाचो न वाचो.

मग तयार आहे हे दाखवायचं कसं? मला विचाराल तर एकच गोष्ट दाखवायची. पुढच्या पदावर जे निर्णय घ्यावे लागतात ते तिने आधीच घेतलेत, तुमच्या आडोशाशिवाय घेतलेत, आणि ते घेतले हे तुमच्याशिवाय अजून कोणीतरी सांगू शकतं. बाकी मेमो लांब असो की छोटा, याच्याभोवतीच फिरला पाहिजे.

सुरुवात तिच्यापासून करू नका, पदापासून करा. तुमच्याकडचा असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी, वर्षभरात नेमकं काय ठरवतो ते एका कागदावर लिहा. जॉब डिस्क्रिप्शनची भाषा नको, त्यात सगळं 'समन्वय साधणे' असतं. साध्या शब्दांत लिहा. डिस्पॅच अडलेला असताना लॉट रोखायचा की सोडायचा हे ठरवतो. सप्लायरच्या चुकीच्या मुळाशी जातो आणि त्याच्याकडून ती दुरुस्त करून घेतो. सहा-सात इन्स्पेक्टरांच्या शिफ्टा, भांडणं, अप्रेझल सांभाळतो. कस्टमरसमोर एकटा उभा राहून कंपनीच्या वतीने हो किंवा नाही म्हणतो. बास, चार झाले. आता टिपणं उघडा आणि प्रत्येकासमोर तिचा एक प्रसंग ठेवा. जिथे प्रसंग मिळत नाही तिथे जागा कोरी राहू द्या, कोऱ्या जागेचं काय करायचं ते पुढे येतंय.

पहिल्या दोन मुद्द्यांना तुमच्याकडे सोन्यासारखा प्रसंग आहे, दिवाळीआधीचा कोअर स्टीलचा. टिपणात तुम्ही सविस्तर लिहिलंय आणि मेमोत त्याचं झालंय 'सप्लायर रिजेक्शन ४० टक्के कमी केले'. अहो, यातून कळतं काय? इथे जरा थांबून बघू, कारण बहुतेक मेमो इथेच घसरतात.

झालं काय होतं? धनत्रयोदशीच्या आधी डिस्पॅच ठरलेला, तुम्ही कस्टमरकडे इंदूरला गेलेले, आणि कोअरसाठी आलेल्या सीआरजीओ स्टीलच्या पत्र्यांच्या कडेला बर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. (ट्रान्सफॉर्मरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पत्रा कापल्यावर कडेला जी बारीक धार उरते ती बर. ती जास्त असली की शेजारच्या पत्र्यावरचं इन्सुलेशन टोचून दोन पत्रे आपसांत शॉर्ट होतात, कोअर जास्त तापतो, नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, वाढतो, आणि कस्टमरला लेखी गॅरंटी दिलेली असते ती टेस्टला हुकते.) प्रॉडक्शन हेड म्हणत होते चालशे, जवा दो. तिच्यासमोर सोपे रस्ते दोन होते, अख्खा लॉट नाकारायचा किंवा तुम्हाला फोन लावून तुमच्या गळ्यात टाकायचं. तिने दोन्ही केलं नाही. अकराच्या अकरा बंडलं वेगवेगळी मोजली, सात ठीक होती ती लगेच प्रॉडक्शनला दिली म्हणजे कोअर रचायचं काम सुरू झालं, चार बाजूला काढून सप्लायरकडे परत पाठवली, डिस्पॅच तीन दिवस पुढे जाईल हे कस्टमरला स्वतः कळवलं, आणि तुम्हाला संध्याकाळी मेसेज केला की असं असं केलंय. त्यानंतर दिवाळी झाल्यावर सप्लायरच्या शेडमध्ये जाऊन बसली आणि तिला दिसलं की कापायच्या ब्लेडला धार दर सोमवारी लावतात, माल किती कापला याच्याशी त्याचा संबंध नाही. दिवाळीच्या गर्दीत आठवड्याला माल जास्त, ब्लेड आठवड्याच्या मधेच बोथट, आणि बर वाढलेली. तिने धार लावायचं गणित वारावरून टनावर आणायला लावलं आणि त्यांच्या कंट्रोल प्लॅनमध्ये ते लिहून घेतलं.

हा प्रसंग मेमोत असा यायला पाहिजे. तुमचा मेमो इंग्रजीत जाणार, पण आशय हाच:

"ऑक्टोबरमध्ये मी बाहेरगावी असताना कोअर स्टीलच्या ११ बंडलांचा लॉट बरसाठी संशयास्पद निघाला. डिस्पॅचचा दबाव होता, प्रॉडक्शनचा लॉट सोडण्याचा आग्रह होता. तिने प्रत्येक बंडल मोजून ७ सोडली, ४ परत पाठवली, ३ दिवसांचा उशीर स्वीकारून तो कस्टमरला स्वतः कळवला. निर्णय तिचा होता, मला नंतर कळवण्यात आलं. पुढच्या महिन्यात सप्लायरकडे जाऊन कारण शोधलं आणि ब्लेडला धार लावण्याचा नियम बदलून घेतला, तो आजही त्यांच्या कंट्रोल प्लॅनमध्ये आहे. प्रॉडक्शन हेड याबद्दल बोलायला तयार आहेत."

बघा यात तिच्यासाठी विशेषण एकही नाहीये. पण वाचणाऱ्याला दिसतं की तेव्हा तिला काय माहीत होतं, कुठले पर्याय होते, कुठला निवडला, त्याची किंमत काय मोजली. तीन दिवसांचा उशीर मुद्दाम ठेवलाय, तो काढून टाकायचा मोह होईल, काढू नका. किंमत न मोजता घेतलेला निर्णय हा निर्णयच नसतो, आणि ती किंमत कस्टमरला स्वतः सांगायची हिंमत हेच तर असिस्टंट मॅनेजरचं काम आहे. आणि 'निर्णय तिचा होता, मला नंतर कळवण्यात आलं' हे वाक्य अख्ख्या मेमोतलं सगळ्यात वजनदार आहे. कमिटीत पहिला प्रश्न कायम हाच असतो की हे तिने केलं की तिच्या मॅनेजरने करून घेतलं. प्रत्येक प्रसंगात हे स्पष्ट लिहा, आणि जिथे तुम्ही दिशा दिली होती तिथे तसंही लिहा.

आता त्या ४० टक्क्यांबद्दल. तुमच्या टिपणाप्रमाणे आधीच्या तीस लॉटपैकी पाच नाकारले गेले, नंतरच्या बत्तीसपैकी तीन. पाचाचे तीन झाले, ठीक आहे, पण एवढ्या छोट्या आकड्यांत दोनाचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, आणि मुंबईला फायनान्सचा जो कोणी बसलेला असेल तो पहिल्या मिनिटात विचारेल की ४० टक्के म्हणजे मूळ किती. तिथे तुम्ही नसता उत्तर द्यायला. एकदा एक आकडा फुगवलेला वाटला की बाकीचा मेमोही तसाच वाचला जातो. म्हणून टक्के काढा आणि सरळ लिहा, ३० पैकी ५ होते, ३२ पैकी ३ झाले, संख्या लहान आहे. मग त्या आकड्यावर फार भार टाकू नका, भार टाका त्या ब्लेडच्या नियमावर. कारण सापडलं, ते पटण्यासारखं आहे, आणि बदल कागदावर टिकून आहे, हे आकड्यापेक्षा भक्कम. जिथे आकडा मोठा आणि स्वच्छ असेल तिथे जरूर द्या, पण सोबत आधी किती होतं, कुठल्या काळातलं, आणि त्या काळात अजून काय बदललं (नवीन मशीन, नवीन सप्लायर, ऑर्डरी कमी) हेही द्या.

साक्षीदारांबद्दल. तुम्ही मेमोला तीन सहकाऱ्यांची शिफारस जोडलीये, तिघंही क्वालिटीचेच आणि तिघंही तिच्याबरोबर डबा खाणारे. त्याऐवजी एकट्या प्रॉडक्शन हेडना विचारा. तिच्या निर्णयाचा त्रास ज्याला झाला तो जर म्हणाला की तेव्हा मी चिडलो होतो पण तिने बरोबर केलं, तर त्या एका वाक्यापुढे बाकीची तीन पत्रं नसली तरी चालतं. त्यांना तुमचं मत देऊ नका, फक्त विचारा की त्या दिवशी काय झालं तुमच्या नजरेने, आणि जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांना दाखवून, मेमोत टाका. त्यांनी आक्षेप घेतला तर? तरी बरंच. तो आक्षेप कमिटीत अचानक यायच्या ऐवजी तुम्हाला आधी कळेल. आणि कमिटीतला एखादा तरी सदस्य फोन उचलून तुमच्या प्लांटमध्ये चौकशी करतोच, ती बहुतेक वेळा प्रॉडक्शन हेडकडेच होते.

तिसरा मुद्दा, माणसं सांभाळणं. तुम्ही लिहिलंय 'तिला टीम हाताळण्याचा अनुभव नाही'. मला नाही पटत हे. तुमच्याच टिपणात नवरात्राचा किस्सा आहे. बडोद्यातल्या वाचकांना सांगायला नको, नऊ रात्री गरबा म्हणजे सकाळच्या शिफ्टला अर्धे इन्स्पेक्टर डोळे चोळत उशिरा येणार, दरवर्षीची रड. तिने आठ दिवस आधी सगळ्यांना बसवून विचारलं कोणाला कुठल्या रात्री जायचंय, जे खेळत नाहीत त्यांना सकाळ दिली आणि बदल्यात दिवाळीच्या सुट्टीत पहिली पसंती दिली, आणि एका इन्स्पेक्टरने ठरलेलं मोडलं तेव्हा त्याच्याशी एकटीने बोलली, सगळ्यांसमोर नाही. पद नाही, अधिकार नाही, तरी सहा माणसं तिने ठरवलेल्या वेळापत्रकावर आली. याला टीम हाताळणं नाही म्हणायचं तर कशाला? तुम्हाला हा प्रसंग घरगुती वाटला असेल म्हणून मेमोत घेतला नसेल. घ्या. त्याला आकडा जोडा, नऊ दिवसांत पहिल्या शिफ्टला किती जण वेळेवर होते आणि मागच्या वर्षी किती, हजेरीच्या रेकॉर्डमध्ये मिळेल.

इथे एक गंभीर गोष्ट बोलायची आहे. त्याच तीन संशोधकांनी एका मोठ्या रिटेल साखळीचा डेटा पाहिला तेव्हा त्यांना दिसलं की बायकांना कामाचं रेटिंग पुरुषांपेक्षा सरासरी वरचं मिळत होतं पण 'पुढे जायची क्षमता' या रकान्यात कमी मिळत होतं, आणि प्रमोशनमधल्या तफावतीचा मोठा भाग त्या रकान्यातून येत होता. 'क्षमता' हा शब्द असा आहे की पुरावा नसला की वाचणारा तो आपल्या मनातल्या मॅनेजरच्या चित्राशी ताडून बघतो. तुमचा हेतू चांगलाच आहे, पण तुमच्या मेमोत तिच्यासाठी वापरलेले शब्द बघा, कष्टाळू, मनमिळाऊ, सहकार्य करणारी, आणि 'ठरवलं', 'रोखलं', 'नाही म्हणाली' ही क्रियापदं एकदाही नाहीत. तेच काम एखाद्या मुलाने केलं असतं तर तुम्ही कसं लिहिलं असतं ते एकदा मनात म्हणून बघा आणि तसं लिहा.

आता कोरी जागा. चौथा मुद्दा, कस्टमरसमोर एकटीने उभं राहणं, याला टिपणात फक्त तो उशीर कळवल्याचा फोन आहे, आणि अप्रेझल तर तिने कोणाचंच केलेलं नाहीये. हे झाकू नका. झाकलेलं भोक कमिटीला दिसतंच आणि मग ते त्यांच्या कल्पनेइतकं मोठं होतं. लिहा की हे अजून तपासलं गेलेलं नाही. आणि मार्चपर्यंत वेळ आहे ना, मग तपासा! पुढची कस्टमर इन्स्पेक्शन तिला पूर्ण घेऊ द्या, तुम्ही त्या दिवशी शेडमध्ये फिरकू नका, ऑफिसमध्येच बसा. दोन इन्स्पेक्टरांच्या अप्रेझलचा मसुदा तिला लिहायला द्या आणि त्यातल्या एकाला नाराज करणारी गोष्ट तिला तोंडावर सांगू द्या. जमलं तर महिनाभर तुमच्या सह्यांचे अधिकार लेखी पत्राने तिच्याकडे द्या, रकमेची मर्यादा घालून. या महिन्यात काय झालं, चांगलं वाईट दोन्ही, हा मेमोचा शेवटचा परिच्छेद. तिला मात्र हे सांगून करा की कशासाठी करतोय, न सांगता परीक्षा घेणं बरं नाही.

तिची एक चूकही घ्या. गास्केटची ती गोष्ट, पर्यायी गास्केट टेस्ट रिपोर्ट यायच्या आधीच तिने सवलतीत, म्हणजे नियमाला अपवाद म्हणून, पास केलं आणि साइटवर तेल झिरपलं. तुमच्या टिपणात आहे की तिने स्वतःहून लेखी मान्य केलं आणि त्यानंतर सवलतीच्या कागदावर दोन सह्यांचा नियम तिनेच आणला. चार ओळी लिहा, झालं काय, नुकसान किती, बदललं काय. सगळं गोड असलेल्या मेमोवर मी स्वतः कधी विश्वास ठेवला नाही, एक खरी चूक नीट लिहिलेली असली की बाकीचंही खरं वाटतं.

ऑफरचा परिच्छेद मेमोतून काढून टाका, पूर्ण. ती सोडून जाईल हे तिला थांबवायचं कारण आहे, ती तयार आहे याचा पुरावा नाही, आणि एकत्र लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं मॅनेजर घाबरून पद मागतोय. एचआरशी वेगळं बोला, पगाराची दुरुस्ती मार्चच्या आधीही होऊ शकते, त्याला कमिटी लागत नाही बहुतेक कंपन्यांत. आणि तिलाही स्पष्ट सांगा की मार्चमध्ये प्रयत्न करतोय, शब्द देऊ शकत नाही. कमिटीची ती एक ओळ तिला दाखवा, तिला हक्क आहे.

लांबी दीड पान पुरे. पहिल्या दोन ओळींत मागणी, कोणाला, कुठल्या पदावर, कधीपासून, आणि तिची आत्ताची जागा कोण घेणार, कारण तो प्रश्न येतोच आणि उत्तर नसेल तर सगळं चांगलं असूनही फाइल पुढच्या वर्षावर जाते. मग चार निर्णय, प्रसंग, चूक, न तपासलेलं. रेटिंग एका ओळीत. तुमच्याकडे आत्ता जे दोन असिस्टंट मॅनेजर आहेत त्यांच्यापैकी कोणाच्या बरोबरीचं काम ती करतेय हे एका वाक्यात लिहिता आलं तर लिहा, पण तुलना कामाची ठेवा, माणसाची नको, ते दोघेही हा मेमो कधीतरी पाहतील.

झालं की पाठवायच्या आधी कमिटीच्या बाहेरच्या, तिला अजिबात न ओळखणाऱ्या एखाद्या मॅनेजरला वाचायला द्या, तुमच्याच ग्रुपच्या दुसऱ्या प्लांटमधला असला तर उत्तम. त्याला आवडला का हे विचारू नका. वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि विचारा की हिने स्वतः काय काय ठरवलं ते सांग. दोन प्रसंग त्याला आठवून सांगता आले तर पाठवा, नाही सांगता आले तर परत लिहायला बसा. मार्चला वेळ आहे अजून.